सकाळी सुजलेला चेहरा आणि मैत्रिणीने दिलेली गोळी

*डॉक्टर, माझं वय ३४. रोज सकाळी उठले की पापण्या जड, डोळ्यांखाली फुगवटा आणि उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त सुजलेला असतो. दहा-साडेदहापर्यंत सगळं आपोआप उतरतं, पण माझी मीटिंग आठ वाजता कॅमेऱ्यासमोर असते आणि मी उठते सव्वासातला. संध्याकाळी सातनंतर पाणी पिणं बंद केलंय. उठल्या उठल्या बर्फाचा खडा चेहऱ्यावर फिरवते. त्याने चेहरा लाल होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तसाच. मिठाचा प्रश्न नसावा, कारण घरी गुलाबी मीठ वापरते आणि वरून कधीच घेत नाही. रात्री कामामुळे उशीर होतो, मग पाकिटातलं काहीतरी पटकन करून खाते आणि पालथी झोपते. तीन महिन्यांपूर्वी लघवी, किडनी, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल आलं. एका मैत्रिणीने तिच्या ब्लडप्रेशरच्या, अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत. ‘मीटिंगच्या आदल्या रात्री अर्धी घे’ म्हणते. घेऊ का?*

नाही, घेऊ नका. गोळ्या मैत्रिणीला परत द्या, तिला त्या लागतात.

कारण सांगते, म्हणजे पुन्हा कधी मोह झाला तर आठवेल. ही गोळी किडनीला जास्त मीठ आणि त्याबरोबर पाणी बाहेर टाकायला लावते. पहिल्या दिवशी चेहरा खरंच उतरलेला दिसू शकतो, आणि धोका तिथेच आहे. शरीराच्या लेखी अचानक मीठ-पाणी कमी झालेलं असतं, म्हणून ते मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं वाढवतं. गोळीचा असर ओसरला की पुढचे काही दिवस किडनी मीठ घट्ट पकडून बसते आणि सूज आधीपेक्षा जास्त येते. माणसाला वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही.’ मग अर्धीची एक होते आणि अधूनमधूनची रोजची होते. शिवाय अशा बऱ्याच गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं. पायात गोळे येतात, छातीत धडधडतं, उभं राहिल्यावर गरगरतं. आणि रात्री घेतली तर लघवीसाठी झोपमोड होईल ती वेगळीच.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: उजवा गाल जास्त सुजतो. चेहरा सुजायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे अंगात जादा पाणी, दुसरी म्हणजे ते चेहऱ्यात साठायला मिळालेली संधी. पाणी किती जमणार हे मुख्यतः मीठ ठरवतं, आणि ते कुठे साठणार हे तुम्ही रात्रभर कशा पडून राहता त्यावर ठरतं. मिठामुळे आलेली सूज दोन्ही डोळ्यांवर जवळपास सारखी असते. रक्तात विरघळलेल्या मिठाला उजवं-डावं कळत नाही. एकाच बाजूला जास्त असेल तर झोपण्याची तऱ्हा बघायची. तुमच्याकडे दोन्ही खुणा दिसतात, म्हणून उपायही दोन लागतील. बर्फाचा नंबर त्यानंतरचा, कारण तो साठलेलं पाणी थोडं लवकर उतरवायला मदत करतो, साठणं थांबवत नाही. तुम्ही नेमक्या उलट्या टोकापासून सुरुवात केली आहे. बहुतेक सगळे तशीच करतात, कारण बर्फ समोर असतो आणि मीठ पाकिटात लपलेलं असतं.

आधी पाण्याचं बघू. सातनंतर पाणी बंद करण्यामागे ‘प्यायलेलं पाणी चेहऱ्यावर येतं’ असा समज आहे. किडनी ठणठणीत असेल तर जास्त झालेलं साधं पाणी काही तासांत लघवीवाटे निघून जातं. रात्री भरपूर प्यायलात तर फार तर झोपेतून उठावं लागेल. पाण्याला अंगात अडकवून ठेवतं ते मीठ, कारण शरीर रक्तातलं सोडियमचं प्रमाण अगदी काटेकोर राखतं. खारट जेवलात आणि पाणी कमी प्यायलात, तर सोडियमचं प्रमाण वाढतं, तहान लागते, आणि मेंदूतून निघालेल्या संदेशामुळे किडनी लघवी दाट करून आहे ते पाणी वाचवू लागते. मीठ आतच, पाणीही आतच, वर घसा कोरडा. त्यामुळे हा नियम आजच मोडा. तहान लागली की प्या, नाही लागली तर बळेच पिऊ नका. ‘भरपूर पाण्याने मीठ धुऊन निघतं’ हा सल्लाही तितकाच पोकळ आहे.

आता गुलाबी मीठ. रंग कुठलाही असो, खाण्याचं मीठ म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी छटा त्यातल्या लोहासारख्या किंचितशा खनिजांची असते. सोडियमच्या हिशेबात त्याने काहीही फरक पडत नाही. जाड खड्याचं मीठ चमच्यात कमी मावतं एवढाच काय तो फायदा, तोही वजनाने मोजलं की संपतो. आणि वरून मीठ घेत नाही हे चांगलंच आहे, पण तुमचं मीठ तुम्ही घालतच नाही, ते आधीच घातलेलं येतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही भरत नाही. सोडियममध्ये मोजलं तर ते २ ग्रॅम, अर्थात २००० मिलिग्रॅम होतं. पाकिटावर बहुतेक वेळा मीठ न लिहिता सोडियम लिहितात, आणि इथे पुष्कळ जण फसतात. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. दुसरी गफलत अशी की आकडा कधी दर १०० ग्रॅमचा असतो, तर कधी एका ‘सर्व्हिंग’चा, आणि पाकिटात दोन सर्व्हिंग असतात हे बारीक अक्षरात असतं.

तुम्ही नेमकं काय खाता ते लिहिलेलं नाही, म्हणून घाईतल्या रात्रीचं एक नमुना जेवण मांडते. समजा ७० ग्रॅमचं नूडल्सचं पाकीट आहे आणि त्यावर दर १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम सोडियम छापलंय. म्हणजे तुमच्या वाट्याला आलं ८४० मिलिग्रॅम. चवीला एक मोठा चमचा सोया सॉस घातला, त्यात साधारण ९०० मिलिग्रॅम धरा. सोबत ब्रेडचे दोन काप, प्रत्येकी दीडशेप्रमाणे ३००, आणि त्यात चीजचा एक काप, २५०. बेरीज २२९० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेसहा ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा एका जेवणातच ओलांडली, आणि मीठदाणीला हातही लागलेला नाही. यात सगळ्यात जास्त मीठ एका चमचाभर सॉसमधून आलं, हे लक्षात घ्या. ब्रेड तर कुणाला खारट लागतही नाही.

या मिठाचं चेहऱ्यावर काय होतं? शरीरातल्या द्रवात मीठ ज्या प्रमाणात असतं ते साधारण लिटरला ९ ग्रॅम. सलाइनच्या बाटलीतही हेच प्रमाण असतं. म्हणजे गरजेपेक्षा ४ ग्रॅम मीठ अंगात राहिलं, तर ते आपल्याबरोबर ४००-४५० मिलिलिटर पाणी राखून ठेवतं. हे पाणी सगळ्या अंगात पसरतं, एकटा चेहरा त्याचा धनी नसतो. पण ते डोळ्यांभोवती आधी दिसतं, कारण पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि तिच्याखालची ऊतकं सैल. थोडंसं पाणी आलं तरी तिथे जागा होते आणि फुगवटा दिसतो. तेवढंच पाणी पाठीत किंवा मांडीत आलं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

वेळेचाही वाटा आहे. निरोगी किडनी दिवसा जास्त मीठ बाहेर टाकते आणि रात्री तिचा वेग मंदावतो. उशिरा खारट जेवून तासाभरात आडव्या झालात, तर ते मीठ निस्तरायला किडनीला सगळ्यात संथ वेळ मिळते. खारट काही खायचंच असेल तर ते दुपारच्या जेवणात खा. मग पुढे सात-आठ तास तुम्ही उभ्या-बसलेल्या असता आणि किडनीही जोमात असते.

मीठ कमी करताना बेचव जेवू नका, ते तीन दिवसांच्या वर कुणालाच जमत नाही. नूडल्स-सूपच्या पाकिटातली मसाल्याची पुडी अर्धीच घाला आणि खालचं पाणी पिऊ नका, मीठ मुख्यतः तिथेच असतं. सॉस ओतण्याऐवजी चमच्याने मोजा, आणि त्याची उणीव लिंबू, मिरी, लसूण यांनी भरून काढा. एका जेवणात पाकिटातला एकच पदार्थ ठेवा. सॉस, ब्रेड आणि चीज एकत्र आले की हिशेब बिघडतो. जिभेला काही आठवड्यांत सवय होते आणि जुनी चव चक्क खारट लागू लागते. सर्दी-डोकेदुखीवरच्या पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्यांचं वेष्टनही वाचा. एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असतं. तुमचे किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत. पण किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा ब्लडप्रेशरच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

आता झोपण्याकडे वळू. दिवसा आपण उभे किंवा बसलेले असतो तेव्हा द्रव खाली, पायांकडे ओढला जातो. संध्याकाळी मोज्याच्या कडेचा वण घोट्यावर उमटतो तो त्यामुळेच. आडवं झालं की ही ओढ संपते आणि पायांतलं पाणी पुन्हा वरच्या अंगाकडे सरकतं. रात्रभर पापण्यांची उघडझापही नसते. एरवी ती उघडझाप पापण्यांतला द्रव हलता ठेवते. म्हणून उताणं, सपाट झोपणाऱ्यालाही सकाळी चेहरा किंचित भरलेला असतो, यात काही आजार नाही. पालथं झोपलं की त्यात दोन गोष्टींची भर पडते. चेहरा खाली असल्यामुळे द्रव तिकडेच उतरतो, आणि उशीच्या दाबाने शिरा आणि ऊतकांतला जादा द्रव, म्हणजे लसीका, परत नेणाऱ्या लसीकावाहिन्या दबून त्याची परतीची वाट अडते. पालथं झोपणारा माणूस श्वासासाठी मान एका बाजूला वळवतो, आणि बहुतेकांची ही बाजू ठरलेली असते. तुमचा उजवा गाल उशीवर असतो, असा माझा अंदाज आहे. आज रात्री डोळा लागण्याआधी आणि सकाळी जाग येताच बघून घ्या.

उपाय दोन भागांत करा. आधी फक्त पाठीवर किंवा कुशीवर झोपायला शिका. पालथं झोपणाऱ्यांना छाती-पोटाला काहीतरी टेकलेलं लागतं, म्हणून एक लांब उशी कवेत घेऊन कुशीवर झोपा, तीच पालथं वळताना आडवी येते. पाठीवर झोपणार असाल तर गुडघ्यांखाली उशी घ्या आणि दोन्ही बाजूंना एकेक लावा. अर्ध्या रात्री तुम्ही वळणारच. जाग आली की निमूट परत वळा. पहिला आठवडा झोप थोडी तुटक लागेल.

मग डोकं उंच करा. इथे चूक ठरलेली असते: लोक दोन-तीन उशा रचतात. त्याने फक्त मान मोडून पुढे येते, हनुवटी छातीला टेकते आणि सकाळी सूज कमी होवो न होवो, मान मात्र धरते. चढ खांद्यांपासून सुरू व्हायला हवा. पाचरीच्या आकाराची उशी मिळते ती पाठीच्या वरच्या भागाखाली येईल अशी ठेवा. नाहीतर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली भक्कम ठोकळे देऊन ती बाजू १० ते १५ सेंटिमीटर उचला. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे, कारण सगळं अंगच कलतं आणि कुठल्याही कुशीवर वळलं तरी चढ तसाच राहतो. फार उंच केलंत तर रात्रीतून घसरत पायथ्याशी याल. जोरात घोरणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाठीवर झोपू नये, त्यांच्यासाठी कूसच बरी.

आता बर्फाचं. खडा थेट कातडीवर फिरवणं बंद करा. तीव्र थंडीने रक्तवाहिन्या आधी आकसतात. त्याने कातडीखाली झिरपणारा द्रव तात्पुरता कमी होतो, आणि थंड शेकाचा सगळा फायदा एवढाच आहे. पण फार गार आणि फार वेळ केलं की त्या उलट फुलतात. तुमचा चेहरा लाल होतो तो त्यामुळे. पापणीजवळ तर बर्फाने कातडी भाजल्यासारखीही होऊ शकते. एका भांड्यात गार पाणी घेऊन त्यात बर्फाचे चार-पाच खडे टाका, मऊ सुती फडकं बुडवून पिळा, आणि डोळे मिटून ते पापण्यांवर व गालांवर नुसतं ठेवा. गरम झालं की पुन्हा बुडवा. एकूण पाच ते दहा मिनिटं पुरे. जेल-पॅक वापरणार असाल तर तो फ्रीझरमधला न घेता फ्रिजमधला घ्या आणि कापडात गुंडाळा. कातडी बधिर झाली किंवा दुखली तर थांबा.

हे बसून करा. अंथरुणावर पडल्या पडल्या शेक घेणारे पुष्कळ असतात, पण आडवं असताना द्रव उतरणार तरी कुठे? डोळ्यावर दाब अजिबात नको, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकच नको. शेकानंतर वाटलं तर बोटांच्या टोकांनी, कातडी ओढली जाणार नाही इतक्या हलक्या हाताने, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर कानाच्या पुढ्यापर्यंत आणि तिथून मानेवरून खाली गळ्याच्या हाडापर्यंत मिनिट-दोन मिनिटं फिरवा. लसीका त्याच वाटेने उतरते. डोळे चोळू मात्र नका, चोळण्याने सूज वाढते आणि सवय जडली तर बुबुळालाही इजा होते. गार लागल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

पण शेकापेक्षा मोठा फायदा तुमच्या घड्याळात आहे. सव्वासातला उठून आठला कॅमेऱ्यासमोर, म्हणजे चेहऱ्याला उतरायला जेमतेम पाऊण तास. तुमच्याच सांगण्याप्रमाणे त्याला सुमारे तीन तास लागतात. मीठ आणि झोपण्याची तऱ्हा सुधारल्यावर हा वेळ कमी व्हायला हवा, तरी मीटिंगच्या दिवशी सहा-सव्वासहाला उठा, आणि तेवढं आदल्या रात्री लवकर झोपा. तास चोरायचा तो रात्रीच्या कामातून, झोपेतून नको. उठल्यावर चाला, तोंड धुवा, घरातलं काही करा. मोबाइल घेऊन पुन्हा आडवं होणं या हिशेबात उठणं धरलं जात नाही.

सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, म्हणून क्रमाने जा. पहिले तीन दिवस काहीच बदलू नका. फक्त रोज उठल्याबरोबर त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, चेहरा सरळ ठेवून एक फोटो काढा, आणि लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. मग पाच दिवस फक्त मीठ सांभाळा, झोप पूर्वीसारखीच ठेवा. एका दिवसात निकाल मागू नका. मीठ कमी केल्यावर किडनीला नवा मेळ बसवायला काही दिवस लागतात, त्यामुळे खरं चित्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतं. एका रात्री अळणी जेवून ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे इथेच अडकतात. त्यानंतरचे पाच दिवस मीठ तसंच ठेवून झोपण्याची तऱ्हा बदला. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हा प्रयोग करू नका, त्या दिवसांत अनेकींच्या अंगात एरवीही पाणी धरतं आणि हिशेब चुकतो. दारू घेत असाल तर या दिवसांत तीही नको. तिने सकाळचा चेहरा सुजतो.

निकाल असा वाचा. मिठाच्या पाच दिवसांत वजन पाव-अर्धा किलो उतरलं आणि दोन्ही पापण्या हलक्या झाल्या, पण उजवा गाल तसाच राहिला, तर मिठाचा वाटा तुम्हाला कळला. गाल पुढच्या पाच दिवसांत उतरेल. ते अर्धा किलो चरबी नाही, पाणी आहे, एका खारट जेवणाने परत येईल. मिठाने काहीच हललं नाही आणि झोप बदलल्यावर सगळं सुधारलं, तर पाकिटांचा फार धसका घेण्याचं कारण नाही, निदान चेहऱ्यापुरतं तरी.

दोन्हींनी काही झालं नाही, तर तो फुगवटा पाण्याचा नसावा. डोळ्याखाली चरबीची छोटी गादी असते, ती वयाने किंवा घराण्याने पुढे येते. ती सकाळ-संध्याकाळ सारखीच राहते, आणि डोकं न हलवता वर पाहिलं की जास्त उठून दिसते. तिला मीठ, उशी, बर्फ कशाचीच पर्वा नसते. तुमची सूज साडेदहाला उतरते, त्यामुळे तुमचा मुख्य प्रश्न तो नाही. डोळ्यांना खाज, शिंका, पाणी असं असेल तर ॲलर्जीचा विचार करा. धूळ, उशीची खोळ, नवं क्रीम किंवा डोळ्यांचा मेकअप तपासा.

तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून मी तुम्हाला घरी प्रयोग करायला सांगितला. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी, सूज नव्याने सुरू झाली असेल तर, आधी लघवीची साधी तपासणी आणि थायरॉइड करून घ्यावं. आणि तीन महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट म्हणजे कायमचा परवाना नाही. लघवीला फेस येऊन तो टिकत असेल, सूज दिवसभर उतरत नसेल, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, किंवा वजन वाढून थंडी, बद्धकोष्ठता आणि थकवा जोडीला आला असेल, तर फोटो आणि वजनाची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनीही अंगात पाणी धरतं. एकच डोळा लाल होऊन दुखतोय आणि ताप आहे, ओठ-जीभ अचानक सुजली, श्वासाला त्रास होतोय, चेहऱ्याबरोबर मानेच्या शिरा फुगल्या आहेत, किंवा गरोदरपणात सुजेबरोबर डोकं दुखून नजर अंधूक होतेय, तर उद्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.